आठ आकडे, चार नकार

माझ्या दुकानात एक शिस्त आहे. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की मी पाठ फिरवतो. समोर भिंतीवर मोबाईलची कव्हरं टांगलेली आहेत, ती बघत उभा राहतो. बारा वर्षं फोन दुरुस्त करतोय, पण कुणाचा पासवर्ड नजरचुकीनेसुद्धा पाहिला नाही. याचा मला फार गर्व होता. बुधवारी सकाळी तो उतरला.

बुधवारी दुकान उघडून टेबल पुसत होतो, तेवढ्यात ऑपरेटरबाई आल्या. बरोबर त्यांचा मुलगा. बाई सत्तरीच्या, पण ताठ. टेलिफोन एक्सचेंजमध्ये पस्तीस वर्षं नोकरी केलेली, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणतात. निवृत्तीनंतर त्या घरबसल्या एका दातांच्या डॉक्टरांचं काम बघतात. पेशंटचे फोन घ्यायचे, ॲपमध्ये वेळ नोंदवायची. सोमवारीच त्यांच्या फोनची फुटलेली काच मी बदलून दिली होती.

"तुमच्या काचेने माझा पासवर्ड खाल्ला," बाई म्हणाल्या.

मला असल्या वाक्यांचा भयंकर राग येतो. काचेला काय कळतंय पासवर्ड! दहातली नऊ माणसं पासवर्ड विसरतात आणि खापर आमच्यावर फोडतात. तशी पाटीच लावली आहे मी दुकानात: 'पासवर्ड विसरल्यास आम्ही जबाबदार नाही.' मी नुसतं तिकडे बोट दाखवलं.

"मी विसरलेली नाही," बाई म्हणाल्या.

मुलगा माझ्याकडे झुकून हळू आवाजात बोलला. हळू म्हणजे बाईंना स्वच्छ ऐकू जाईल इतकंच हळू. "आईचं हल्ली असंच चाललंय, दादा. परवा गॅस चालू ठेवला. काल दोनदा पासवर्ड चुकला. मी रविवारी तिला माझ्याकडे घेऊन जातोय, कायमचं. एकटीने राहण्यासारखं आता राहिलं नाही."

"गॅस मी चालू ठेवला नव्हता. दूध तापत होतं," बाई म्हणाल्या. "तू उगाच मध्ये बंद केलास."

"बरं, बरं."

ते 'बरं, बरं' ऐकून बाईंचा चेहरा जो उतरला, तो मला दिसला. पण माझ्यासमोर दोन फोन उघडे पडले होते, स्क्रू इकडेतिकडे होते, आणि खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात मुलाच्याच बाजूने होतो. सत्तरीत माणूस विसरतंच की. मी म्हटलं, "बाई, माझ्यासमोर टाका बरं एकदा."

मी पाठ फिरवली. मुलालाही फिरवायला लावली. मागून बोटांचा टकटक आवाज आला, आठ वेळा. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "चूक दाखवतोय."

"सावकाश टाका. एकेक आकडा बघून."

पुन्हा आठ टकटक, यावेळी अगदी रेंगाळत. मग काहीच नाही. मी वळलो तर बाई पडद्याकडे बघत उभ्या होत्या. पडद्यावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, की एकूण चार वेळा चुकलं आहे, आणखी एकदा चुकलं तर खातं बंद होईल आणि दवाखान्याला कळवलं जाईल.

"त्या खाली बटण आहे ना आई," मुलगा म्हणाला, "'पासवर्ड विसरलात?' म्हणून. ते दाब. नवीन मिळेल, संपला विषय."

"मी ते दाबणार नाही."

"अगं, नुसतं बटण आहे!"

"बटणावर काय लिहिलंय ते वाचता येतं मला. मी विसरलेली नाही, तर विसरले म्हणून कशाला दाबू?"

हट्टीपणाची कमाल झाली, असं मला वाटलं. पण लगेच त्या स्टुलावर बसल्या आणि अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "की विसरलेच असेन? अरे, चार वेळा तेच आठ आकडे टाकले, आणि चारही वेळा नाही म्हणतोय. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

मला ते सहन झालं नाही. आतापर्यंत भांडत होत्या तोवर ठीक होतं. पण ही बाई स्वतःवरच शंका घ्यायला लागली, आणि पुढची पाच मिनिटं अशीच गेली असती तर तिने मुकाट्याने रविवारची तयारी केली असती. मला मुलाचा राग आला, माझ्या पाटीचा आला, आणि त्या तांबड्या अक्षरांचा तर फारच आला.

"थांबा," मी म्हटलं. "दवाखान्याला फोन करून विचारतो, त्यांच्या बाजूने काही बिघडलंय का. नंबर काय त्यांचा?"

"कुठला देऊ? बाहेरच्या टेबलाचा, डॉक्टरांचा स्वतःचा, की एक्स-रेवाल्यांचा?"

"बाहेरच्या टेबलाचा. मेसेज करा मला, म्हणजे लिहून घ्यायला नको."

बाईंनी फोनबुक उघडलं नाही. थेट मला मेसेज लिहायला घेतला आणि एका दमात दहा आकडे टाकले. मुलगा बघत राहिला. माझा फोन टिंग वाजला. मी नंबर बघितला आणि बघतच राहिलो.

नंबर बरोबर होता. चुकीचं त्यात काहीच नव्हतं. फक्त दहाच्या दहा आकडे मराठी होते. ९, ८, ४ असे, आपल्या पोरांना पाटीवर गिरवायला देतो तसे.

माझ्या डोक्यात लख्ख ट्यूब पेटली, आणि पाठोपाठ घाम फुटला. कारण ते कुणी केलं होतं ते मला ठाऊक होतं.

माझी अजून एक शिस्त आहे ना! साठीच्या पुढचं गिऱ्हाईक आलं की मी जाताजाता, न विचारता, फोनची भाषा मराठी करून देतो. म्हाताऱ्या माणसांना सोपं जावं म्हणून. सेवा म्हणून! सोमवारी काच बसवल्यावर बाईंच्या फोनचीही केली होती. फोनची भाषा बदलली की त्या फोनमध्ये कीबोर्डही तिच्यामागे जातो.

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या पासवर्डात नुसते आकडेच आहेत ना? कुठले ते सांगू नका."

"आकडेच. आठ."

"आणि टाकताना कीबोर्डवर आकडे कसे दिसतात? मराठी?"

"हो. त्यात काय? चार म्हणजे चार."

"तुम्हाला आणि मला चार म्हणजे चार. फोनला नाही." मी पावतीच्या मागे दोन चार काढले, एक ४ आणि एक 4. "आत फोनमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतःचा एक नंबर असतो. या ४ चा वेगळा, या 4 चा वेगळा. पासवर्ड तपासताना तो अर्थ बघत नाही. पहिल्यांदा ठेवला होता तीच चिन्हं त्याच क्रमाने आली का, एवढंच जुळवतो. तुम्ही ठेवला तेव्हा फोन इंग्रजीत होता, म्हणजे हे इंग्रजी आकडे. आता येतायत मराठी. त्याच्या लेखी तुम्ही चारही वेळा भलतंच काहीतरी टाकलंत."

"पण मग आकडा क्षणभर दिसतो ना, ठिपका व्हायच्या आधी," मुलगा म्हणाला. "तेव्हा कळायला नको?"

"काय कळणार? त्यांना चार टाकायचा होता, चार दिसला. आणि आपण दोघं तर भिंतीकडे तोंड करून उभे होतो." मी जरा थांबलो. "काही कीबोर्ड पासवर्डाची चौकट आली की आपले आपण इंग्रजी होतात. हा होत नाही. नुसत्या आकड्यांची चौकट असती तर साधे आकडेच पुढे आले असते. पण या पासवर्डात अक्षरंही चालतात, म्हणून पूर्ण कीबोर्ड उघडतो."

बाईंनी पावती हातात घेतली, दोन्ही चार पाहिले. "म्हणजे नाव एकच, पण लाईनी दोन. मी दुसऱ्याच लाईनीवर बोलत होते."

"अगदी तसंच."

"आणि ही लाईन बदलली कुणी?"

आता आली का पंचाईत! 'कुणास ठाऊक' म्हणता आलं असतं, काच बदलताना होतं कधीकधी, असं काहीतरी पुटपुटता आलं असतं. पण मुलगा समोर उभा होता, आणि हे त्याने ऐकायलाच हवं होतं.

"मी बदलली," मी म्हटलं. "सोमवारी. तुम्हाला न विचारता. वर सांगायलाही विसरलो. विसरलं कोणी असेल तर मी, बाई. तुम्ही नाही."

मी त्यांना कीबोर्डवरचं पृथ्वीच्या गोळ्याचं बटण दाखवलं. ते दाबलं की भाषा बदलते, आकडे बदलतात. मग चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाखवलं. ते दाबलं की ठिपक्यांऐवजी टाकलेलं दिसतं. "एकच वेळ उरलीय. आधी डोळा उघडून नीट बघून घ्या, मग पुढे जा. आम्ही बघत नाही."

आम्ही दोघं पुन्हा भिंतीकडे वळलो. कव्हरांवर फुलं होती, मांजरं होती, एकावर विमान होतं. मुलाची मान खाली होती. आठ टकटक झाल्या. मग बराच वेळ काही नाही. डोळा उघडून एकेक आकडा तपासत असणार. मी कधी कुणाच्या पासवर्डासाठी इतका जीव मुठीत धरला नव्हता.

"उघडलं," बाई म्हणाल्या.

मी वळलो. कालपासूनच्या चुकलेल्या फोनांची लांबलचक यादी पडद्यावर आली होती. बाईंनी चष्मा सारखा केला आणि पहिला नंबर लावला. मग जो आवाज निघाला तो मी यापूर्वी ऐकलाच नव्हता. गोड, ठाम, एकही शब्द जास्त नाही. पस्तीस वर्षं हजारो लोकांना हव्या त्या ठिकाणी जोडून देणारा आवाज.

"नमस्कार, दातांच्या दवाखान्यातून बोलतेय. काल आपला फोन घेता आला नाही, माफ करा... अक्कलदाढ काढायचीय ना? फार दुखतेय का?... उद्या सकाळी साडेदहा जमेल?... छान. आणि टाके काढायला पुढच्या गुरुवारी." मग त्यांनी मान वर केली आणि मुलाकडे बघत उरलेलं सांगितलं. "हो, हो, काही बदल झाला तर याच नंबरवर कळवा. पुढच्या गुरुवारीही मी इथेच असेन."

मुलाने शेजारचं स्टूल ओढलं, आईजवळ बसला, आणि त्यांनी लावलेला दुसरा फोन संपायची वाट बघत राहिला.