अनुवादातली ताई

औरंगपुऱ्यातल्या त्या छोट्या प्रकाशन संस्थेत हिमानीला सगळे चिडवायचे. हिंदीतून मराठीत आलेलं पुस्तक संपादायला घेतलं की ती आधी मूळ हिंदी पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावायची. पहिलं वाचन नुसत्या मराठीचं. जिथं वाचताना अडखळायला होईल तिथं पेन्सिलीची खूण, आणि मग दुसऱ्या वाचनाला मूळ शेजारी. आपल्या शहरात भाजी हिंदीत घ्यायची आणि घरी येऊन मराठीत भांडायचं, अशी सगळ्यांचीच सवय. हिंदी समोर असलं की चुकलेलं मराठीही बरोबर वाटतं, असं तिचं म्हणणं होतं.

श्रीनिवास सर हायस्कुलातून हिंदीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. उत्तरेकडच्या एका रेल्वे सिग्नलमनचं आत्मचरित्र त्यांनी दोन वर्षं खपून मराठीत आणलं होतं. पहिल्या वाचनात बारा खुणा पडल्या. ‘वडिलांनी मला शाळेत घालण्याची खूप चेष्टा केली’ असं एका ठिकाणी होतं. हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत मात्र बापानं पोराची थट्टा मांडली होती. ‘आई दिवसभर व्यस्त असे’ हेही तसंच; हिंदीत व्यस्त म्हणजे कामात गढलेली, मराठीत उलटी. सर फोनवर खो खो हसले आणि म्हणाले, “चाळीस वर्षं पोरांचे कान पिळले याच शब्दांसाठी. आता माझेच पिळ.”

पण अडखळायला लावणारे शब्द परवडले. अंगाला नेमके बसतात ते गोत्यात आणतात.

आत्मचरित्र असलं की हिमानी नात्यांचा एक तक्ता करायची. त्यात तिनं लिहिलं, लेखक घरातलं पहिलं मूल. आणि खाली लिहायला गेली, ताई. आई गेल्यावर त्याला वाढवणारी, स्वतःच्या पानातलं त्याला देणारी, विधवा ताई. पहिल्या मुलाला थोरली बहीण कुठून आली? तिनं कुलूप काढलं आणि मूळ पुस्तक उघडलं. पहिल्याच प्रकरणात लेखकाचे ताऊ वारले होते. हिंदीत वडिलांच्या थोरल्या भावाला ताऊ म्हणतात आणि त्याच्या बायकोला ताई. पुस्तकात त्रेसष्ट ठिकाणी असलेली ती बाई बहीण नव्हतीच. थोरली काकू होती.

हिमानीला चूक सापडल्याचा आनंद झाला नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर सरांची अर्पणपत्रिका होती: ‘माझ्या ताईला, जिनं मला असंच वाढवलं.’

ही ताई म्हणजे यमुनाबाई, सरांपेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या. विशीत विधवा होऊन माहेरी आल्या आणि आई गेल्यावर या भावाला त्यांनीच वाढवलं. आता त्या शहाऐंशीच्या. दर रविवारी सर त्यांना एक प्रकरण वाचून दाखवत, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. चूक तशीच राहू दिली तर कुणाला कळणार नाही, असाही विचार हिमानीच्या मनात येऊन गेला, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं तक्ता सरांपुढं ठेवला.

“मला हिंदीतला ताई शब्द येत नव्हता असं नाही गं,” सर म्हणाले. “वर्गात शिकवलाय मी तो. इथं मला आमचंच घर दिसत होतं.” मग चष्मा पुसत म्हणाले, “दुरुस्त कर. पण ताईला सांगायला माझ्यासोबत चल. माझ्यानं एकट्यानं होणार नाही.”

यमुनाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सरांनी अडखळत सगळं सांगितलं. म्हातारीच्या हातातलं काहीतरी आपण काढून घेतलं असं हिमानीला वाटलं.

“म्हंजे काकू होती व्हय ती?” यमुनाबाईंनी विचारलं.

“हो. थोरली काकू.”

“आन् तू तिला त्याची बहीण केलीस.”

“चुकलं माझं, ताई. तुझ्यासारखीच वाटली.”

“अरे, मी सख्खी बहीण तुझी. एका आईची लेकरं आपण. तुला टाकून जाणार होते कुठं?” त्यांचा आवाज चढला. “ती परक्या घरची. नवरा गेलेला. त्या पोराशी तिचं काय रक्ताचं होतं? तरी केलं तिनं. आन् तू तिचं काकूपण खोडून तिचं सगळं माझ्या नावावर लावतोस?”



“त्या अर्पणाच्या पानावरनं मला काढ,” यमुनाबाई म्हणाल्या. “आन् ते पुस्तक पुन्हा वाच पहिल्यापासनं. मी आत्तापर्यंत त्या बाईला ऐकलंच नाही.”

हिमानीनं पिशवीतून पहिल्या प्रकरणाची दुरुस्त केलेली पानं काढली आणि सरांच्या हातात दिली.