पाटीवरचा साप

एकोडीतल्या बाबांच्या नव्या दवाखान्याची पाटी मी रंगवली, दहावीतल्या मुलीनं! डॉक्टरांच्या चिन्हातला साप तर असा काढला की बघणारा दचकलाच पाहिजे. बाबा म्हणाले होते, "नाव आन् वेळ लिही, पुरे." मी कशाला ऐकते!

लोक यायचे, सापाला हात जोडायचे आणि बाहेरूनच निघून जायचे.

एका दुपारी बायजाबाई धानाच्या बांधीतून आली आणि पाटीखाली बसून राहिली. पायाला दोरी बांधलेली, पापण्या आपोआप मिटत होत्या.

"मावशी, हाक काहून नाही मारली?"

"नाग हाये ना इथं. तोच जहर उतरवते, म्हणून बसली."

सापाचं इंजेक्शन आमच्याकडे नव्हतंच. बाबांनी तिला सरपंचांच्या जीपमधून साकोलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ती वाचली.

मी साप पांढऱ्या रंगाखाली गाडला. बाजूला चावलेला पाय आणि साकोलीकडचा बाण काढला. खाली लिहिलं, बाबांचं नाव, वेळ आणि 'साप चावल्यास इथं थांबू नका.'

आता रोगी आत येतात. बायजाबाई मात्र त्या कोऱ्या जागेसमोर थांबते आणि हळूच विचारते, "पोरी, नागानं आज डोळे काहून मिटले?"