उजव्या पायाची कविता

मित्रांनो, मी एक जुनं शिलाई मशीन आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. ठाकुर्लीत हौसाबाईंकडे मी वर्षानुवर्षं ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवले. तेव्हा शेजारणी कौतुक करायच्या. आता कौतुक करतात ते माझ्या लोखंडी स्टँडवर वॉशबेसिन बसवू पाहणारे. म्हणून हौसाबाईंची सून, विनीतची बायको अंतरा मोबाइलवर माझे फोटो काढू लागली, तेव्हा ही मला विकणार असंच मी धरून चाललं.

पण ती माझ्या तोंडी कविता लिहीत होती. रविवारी डोंबिवलीच्या वाचनालयात वाचायची होती म्हणे. तिनं पहिल्या ओळी म्हणून पाहिल्या:

टिकटिक करते चिमुकली सुई,
गाणे गाते मी आईची सई.

मला संतापच आला. सुई गात नाही. ती दोरा घेऊन खाली जाते, वर येताना त्याचा फास सोडते आणि बॉबिनचा दोरा त्यात अडकतो. तेव्हा कुठे एक टाका पडतो.

"ई, बालवाडीचं गाणं झालं हे!" अंतरा स्वतःच म्हणाली. तिनं 'चिमुकली' खोडलं, 'गाणे' खोडलं. मग पुटपुटली, "याला डोळे नाहीत. मग चेहरे कसे दिसतील? पाय, हात, कापड, दोरा. जे टेकतं तेवढंच याला कळणार." माया, आठवण असले शब्द तिनं बादच केले. तरी माझा संशय गेला नाही.

"आई, तुम्ही जरा शिवा ना. मी बघते."

"काय बघायचंय त्यात? मशीन म्हातारं झालंय, सारखा दोरा तोडतंय," हौसाबाई म्हणाल्या. कित्येक महिने त्या हेच सांगत होत्या आणि घरातले सगळे माझ्याकडे बोट दाखवत होते. आता हेच खोटं कवितेत जाणार, या भीतीनं मी धास्तावलं.

तरी त्या शिवू लागल्या आणि अंतरा माझ्या पायडलपाशी फरशीवर बसली. बराच वेळ पाहत राहिली, लिहीत राहिली. मग वाचू लागली:

डावा पाय दाबतो.
उजव्याचं ओझं आहे, जोर नाही.
चाक अडतं, उलटं फिरतं,
दोरा तुटतो.
मला म्हातारं म्हणतात.

वाचता वाचता तिनं सासूच्या उजव्या पायाकडे पाहिलं. आपण काय लिहिलंय, ते तिला तेव्हा कळलं.

"आई, पाय कधीपासून असा आहे?"

हौसाबाईंचा हात चाकावरच राहिला. "तिथे वाचू नकोस गं हे. विनीतला कळलं तर माझी शिवण बंद करेल तो."

"नाही वाचत. त्याच्याशी मी बोलते. पण उद्या डॉक्टरकडे जायचं."

अंतरावर माझा अजून पुरता विश्वास नाही. पण तिनं माझ्या तोंडी खोटं घातलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल घाला, तिचा पट्टा ताणून घ्या, पण तिला लाडेलाडे बोलायला लावू नका. आणि ती बिघडली असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाकडेही एकदा नीट बघा.

हौसाबाईंनी दोन्ही हातांनी उजवा पाय उचलला आणि पायडलवरून खाली ठेवला.

"उद्या नको," त्या म्हणाल्या. "आत्ताच रिक्षा बोलाव. उद्या मी पुन्हा मशीनलाच नावं ठेवीन."