तीनदा पहिली

एकोणीस वर्षे गणित शिकवून बाईंनी डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे वळायचे ठरवले आणि त्यासाठी बाजूला काढलेली सगळी रक्कम तीन ऑनलाइन प्रमाणपत्रांवर खर्च केली. एकापेक्षा तीन केव्हाही भारी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

ती प्रमाणपत्रे घेऊन त्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कार्यालयात गेल्या. तिथे विश्लेषकांची निवड आता तोच करायचा. त्याने तिन्ही अभ्यासक्रमांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी उघडल्या. प्रत्येकीत तेच होते: डेटा म्हणजे काय, तो स्वच्छ कसा करायचा, स्प्रेडशीट, साधे आलेख.

"बाई, रागावू नका, पण तुम्ही तीनदा पहिलीतच बसलात की!"

"तिन्ही वेळा चांगल्या गुणांनी पास झाले, त्याचं काहीच नाही का?"

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "आम्हाला एसक्यूएल लागतं, डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. दोन तक्ते जोडून उत्तर काढता येतं का, ते मी बघतो. यातलं एक पुरे होतं. उरलेल्या पैशांत एसक्यूएलचा नीट कोर्स झाला असता. आधी मला एक फोन तरी करायचा!"

त्याचा नंबर बाईंकडे होता. पहिली फी भरण्यापूर्वी त्यांनी तो काढलाही होता. पण ज्याला आपण त्रैराशिक शिकवले, त्याला काय विचारायचे, म्हणून फोन खाली ठेवला होता.

"सुचलंच नाही बघ," त्या म्हणाल्या. खरे सांगणे त्यांना आजही जमले नाही.