चार नंबरचा बाण

टिश्यू पेपरची पातळ पट्टी चिमटीत धरून छोटी चार नंबरच्या खोलीबाहेर चक्क फरशीवर आडवी झाली आणि तिने हात दाराखालच्या फटीशी नेला. पट्टी आत ओढली जायला हवी होती. ती फडफडली आणि उलट छोटीच्याच नाकावर येऊन आपटली.

"फरशी पुसायला बाई आहे गं आमच्याकडे," समोरच्या नर्सच्या टेबलामागून ताई म्हणाली. "त्यासाठी इंजिनिअर नको."

"ताई, मास्क लाव."

"आतून आल्यावर आत्ताच तर काढला. बाहेर कशाला?"

"लाव म्हणते ना!"

सख्खी बहीण आपल्याच वॉर्डात येऊन हुकूम सोडते म्हटल्यावर ताईला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातूनच खोकला निघाला. कोरडा, हट्टी खोकला. हल्ली तो घरी जेवतानाही तिच्या शेजारी बसायचा. ताई म्हणायची, एसीमुळे होतंय. आईही म्हणायची, एसीमुळेच. छोटीही कालपर्यंत तेच म्हणत होती.

काल तिने तो नकाशा पाहिला होता.

नोकरीला लागल्यापासून तिच्या वाट्याला एकच काम आलं होतं: हॉस्पिटलच्या हवेच्या नळ्यांचे जुने, पिवळे पडलेले नकाशे कॉम्प्युटरवर पुन्हा काढायचे. कंटाळवाणं, पण छोटीला कंटाळा फारसा जमायचाच नाही. ती बाणांच्या मागे मागे जायची, जणू स्वतःच हवा आहे. छातीच्या वॉर्डात सगळं नीट चाललं होतं. हवा कॉरिडॉरमधून दाराखालून खोलीत शिरत होती आणि खोलीतून पंख्यावाटे छतावर, मोकळ्या आभाळात निघून जात होती. आजाऱ्याच्या खोलीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे त्याच्या खोकल्यातलं काही माघारी येत नाही. एक, दोन, तीन, सगळे बाण खोलीतून बाहेर.

चार नंबरचा आत.

तिने नकाशा खिडकीच्या काचेवर धरला. खोलीचं नाव खोडून वर 'क्षय, स्वतंत्र' असं लिहिलेलं होतं. उजेडात खोडलेलं वाचता आलं: 'भाजलेले रुग्ण'. मग बरोबरच होतं! भाजलेल्या माणसाला बाहेरच्या धुळीची भीती. त्याच्या खोलीत गाळलेली हवा ढकलायची, दाब वाढवायचा, म्हणजे फटीतून हवा बाहेरच जाते, घाण आत येत नाही. खोलीचं काम बदललं तेव्हा कुणीतरी नाव बदललं. बाण राहून गेला. आणि त्यानंतर दर वेळी मोटार जळली, की नवी बसवणाऱ्याने नकाशा पाहिला, पंखा त्या बाणाबरहुकूम फिरतोय याची प्रामाणिकपणे खात्री केली आणि तो निघून गेला.

कॉरिडॉरच्या टोकाचं मोठं दार उघडलं. वॉर्डातली मावशी चादरींची गाडी ढकलत आत आली. त्याबरोबर चार नंबरचं दार वीतभर बाहेर उघडलं. हात कुणाचाच नव्हता.

छोटी झटकन उठून बसली. तिच्या मानेवरून काहीतरी गार गेलं.

"या आक्का," मावशी सहज म्हणाली, आणि ताईने तितक्याच सहजपणे शेजारची रिकामी खुर्ची जराशी मागे ओढली.

"कोण आक्का?"

"अगं, माझ्या आधी याच टेबलावर बसायच्या त्या," ताई म्हणाली. "याच आजाराने गेल्या. पण लक्ष आहे हो त्यांचं. रोज येतात बघ फेरी मारायला." तिने दार लोटलं. झिजलेली कडी पुसट वाजली. "घाबरू नकोस. चांगल्या होत्या."

पट्टी छोटीच्या मुठीत चुरगळली होती.

छोटीने तिच्या साहेबांना फोन केला तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नकाशात आहे तसंच चालू आहे ना?"

"हो सर, पण—"

"मग बिघडलं कुठे?"

"नकाशात आहे तसं चालू आहे, हेच बिघडलंय, सर."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग, "मेट्रन पेशंट हलवत असतील तर पंखा उलटा कर. तुझ्या जबाबदारीवर."

मेट्रनबाईंनी पट्टीचा प्रयोग दोनदा करून बघितला. तिसऱ्यांदा बघायला त्या वाकल्याच नाहीत. त्यांनी स्वतः मास्क चढवला, पेशंटला मास्क देऊन दोन नंबरमध्ये नेलं आणि चारच्या खिडक्या उघडून ठेवायला लावल्या.

छतावर वायरमनकाका आधीच पोचले होते. पंख्याच्या तोंडाशी गाळणीची चौकट होती, गाळणी कधीच गेली होती. खोलीतली हवा आता इथून बाहेर पडणार, तेव्हा आजूबाजूला कुणाची खिडकी नाही, हे छोटीने चारी बाजूंना फिरून पाहिलं. काकांनी स्विच बंद करून त्याला कुलूप घातलं, वर पाटी अडकवली, तारांमध्ये वीज नाही हे तपासलं आणि मोटारीची डबी उघडली.

"तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची, मॅडम?"

"कुठल्याही दोन. मोटार उलटी फिरेल. पाती साध्या टेबलफॅनसारखी आहेत, त्यामुळे हवाही उलटी जाईल. जोर मात्र कमी पडेल. पाती या दिशेसाठी घडवलेलीच नाहीत ना. उद्या अख्खा पंखाच फिरवून बसवू."

"एवढंच होतं?" काका स्क्रू आवळता आवळता म्हणाले.

पंखा सुरू झाला. आधीच्या घरघरीपेक्षा आवाज वेगळा होता, कुणीतरी दीर्घ श्वास आत ओढून घ्यावा तसा.

खाली चारच्या खिडक्या पुन्हा लावून घेतल्या, आणि आता पट्टी फटीशी नेताच सुर्रकन दाराखाली गेली. मावशीने टोकाचं मोठं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. चार नंबरचं दार चौकटीला घट्ट चिकटून राहिलं.

"आली नाही," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"मावशी, आक्का नव्हत्याच त्या. हवा होती. आतली हवा दार ढकलत होती."

"असेल बाई. तू शिकलेली." मावशीने चादरीची घडी उगाच पुन्हा घातली. "पण मग आक्का होती तेव्हा कोण ढकलायचं?"

"म्हणजे?"

"तेव्हाही उघडायचं की दार. आक्का इथे बसून हसायची आणि म्हणायची, या गोऱ्या बाई. तिच्या आधी गोऱ्या बाई होत्या ना या टेबलावर. त्याही छातीनेच गेल्या."

मेट्रनबाई भिंतीकडे बघत राहिल्या. ताईने टेबलावरचा हात हळूच उचलून मांडीवर घेतला आणि मग तोही कुठे ठेवावा हे न कळल्यासारखी बसून राहिली.

"गोऱ्या बाई कुणाला 'या' म्हणायच्या?" तिने विचारलं.

"ते मला ठाऊक नाही गं. माझ्या आधीचं ते."

छोटी टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने ताईच्या काखेत हात घातला. लहानपणी ताई तिला शाळेत न्यायची, तशीच ती आता ताईला जिन्यावरून खाली घेऊन गेली. वाटेत ताई एवढंच म्हणाली, "आईला सांगू नकोस लगेच."

"नाही सांगत."

एक्स-रेच्या खोलीत ताईने थंड पाटीला छाती टेकवली, खांदे पुढे घेतले. तंत्रज्ञ काचेमागे छोटीच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने माईकचं बटण दाबलं.

"दीर्घ श्वास घ्या, सिस्टर. धरून ठेवा."

ताईने धरला. काचेच्या अलीकडे छोटीनेही. तंत्रज्ञ पडद्याकडे बघत होता. बघता बघता तो थोडा पुढे वाकला, आणि 'सोडा' म्हणायला त्याला जरा उशीरच झाला.