कापलेला खांब

मालबिका बौदीने, म्हणजे वहिनीने, माझ्या फोटो स्टुडिओत येताच माझ्या थोबाडीत दिली. मग तिने सांगितलं, तिची बिल्डिंग बांधणाऱ्या हरधन सामुई प्रोमोटरच्या माणसांनी रहिवाशांच्या भर सभेत तिच्या नवऱ्याचे दोन्ही गुडघे सळईने फोडले. बिल्डिंग कलली आहे, रिकामी करा, एवढंच तो म्हणाला होता. त्यावर सामुईने मी काढलेला बिल्डिंगचा फोटो नाचवला होता, "ही बघा, सरळसोट उभी!"

"तिसऱ्या मजल्यावर माझी पोरं झोपतात. खोटा फोटो का काढलास रे मेल्या?"

"बौदी, खोटं नाही, आम्ही असंच..." मी म्हणालो.

फोटो काढताना बेहाला भागातल्या त्या अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा नव्हती. रुंद लेन्स लावून कॅमेरा वरच्या बाजूला तिरपा धरला होता. त्यामुळे भिंती बाहेर फुगल्या आणि उभ्या कडा वर जाताना जवळ आल्या. कॉम्प्युटरवर आधी फुगवटा काढला, मग बिल्डिंगच्या दोन्ही कडांवर रेघा टाकून त्या उभ्या केल्या. रोजचं काम. पण त्याबरोबर फोटोतला शेजारचा विजेचा खांब डावीकडे कलला. खांबाला शिवी हासडून मी तो फोटोतून कापून टाकला. वीस वर्षं या धंद्यात घालवून मला एवढं कळू नये? स्वतःचीच लाज वाटली.

आता बौदीसमोरच मूळ फोटो उघडला. फुगवटा काढला. या वेळी एक रेघ खांबावर टाकली, दुसरी पलीकडच्या बांधकामावर गवंड्याने सोडलेल्या ओळंब्याच्या दोरीवर. दोन्ही उभ्या झाल्या. बिल्डिंग मात्र उजवीकडे झुकली, वरचा सज्जा शेजारच्या भिंतीला टेकायला आला होता.

फोटो तिच्या फोनवर पाठवला आणि दार फुटलं. सामुई दोन माणसं घेऊन आला होता.

"पुसून टाक, तपूबाबू."

"नाही पुसणार! फुकट्या, तुझी बिल्डिंग पडणार आहे!"

त्याने माझा उजवा हात टेबलाच्या खणात घातला आणि खण लाथेने बंद केला. पुन्हा. तिसऱ्यांदा हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. बौदीने ट्रायपॉड उचलून त्याच्या कानशिलावर हाणला. तो रक्तबंबाळ होऊन पडला. त्याच्या माणसांनी तिला केसांना धरून आपटलं, पण फोन तिने पोटाखाली दाबून ठेवला, गल्लीतली माणसं धावून येईपर्यंत.

दुपारी, माझ्या हाताला प्लास्टर घातल्यावर, गल्लीतल्यांनी बोलावलेल्या महापालिकेच्या इंजिनियरने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. "यातला खरा कोणता?"

सगळ्यांदेखत मी सांगितलं, "दोन्ही मीच केले. पहिल्यात खांब खरं बोलत होता, म्हणून मी तो कापला."

अंधार पडायच्या आत बिल्डिंग रिकामी झाली. बौदीच्या नवऱ्याला खाटेवर घालून जिन्यावरून उतरवताना तो गुरासारखा ओरडत होता. मी प्लास्टरमधला हात पुढे केला.

"हात नको लावूस," बौदी म्हणाली. "तुझी बोटं जुळतील. यांचे पाय नाही."