चौथी पायरी

"पन्नाशीला टेकले मी, आणि आता माझी परीक्षा घेणार म्हणे! नापास झाले तर काय, परत पाळण्यात घालणार?"

मागच्या बाकावर मनोरमा पुटपुटली. पुटपुटली म्हणजे, बाईंना ऐकू जाईल एवढ्या बेताने पुटपुटली.

मृणालिनीबाई फळा पुसता पुसता वळल्या. "परीक्षा नाही हो मनोरमाबाई. शिंप्याकडे माप देतो ना, तसं आहे हे. मापात कधी कोण नापास झालंय का?"

"माझ्या मापाला शिंप्याची टेप पुरत नाही, ती गोष्ट वेगळी," मनोरमा म्हणाली, आणि सगळी बाकं हसली. एक गोदूबाई तेवढी हसली नाही. ती पुढच्या बाकावर पदर घट्ट लपेटून बसली होती. नवरा गेल्यापासून ती अशीच बसायची, आपण कमी जागा अडवली तर बरं, असं.

वर्ग भरायचा तो भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारी तिथे डबे उघडायचे, पाळी सुटली की पाट्या. मृणालिनीबाई गिरगाव सोडून इकडे राहायला आलेल्या. साक्षरतेचं आठवड्याभराचं प्रशिक्षण घेतलेलं, बाकी सगळं आपलं आपण वाचून, चुकून शिकलेलं. शेड शेठनी स्वतःहून दिली होती. ट्यूबलाइट दिली, खडू दिले, वर चहासुद्धा. एवढा उदारपणा कुठून आला, हे विचारायची गरज नव्हती. लवू गेला, तेव्हापासून आला.

लवू म्हणजे गोदूबाईचा नवरा. भांडी तेजाबात बुडवून साफ करायची जी टाकी होती, तिच्यातला गाळ काढायला तो एकटाच आत उतरला आणि वाफेने गुदमरला. टाकीवर पाटी होती: 'टाकीत एकट्याने उतरू नये. आधी हवा खेळू द्यावी.' लवूला वाचता येत नव्हतं. म्हणून गेला. असं शेठ सांगायचे, मुकादम पंढरीनाथ सांगायचा. कामगार काहीच सांगायचे नाहीत. ते खाली बघायचे.

पुढे गोदूबाईला डबे पुसून खोक्यात भरायच्या खात्यात घेतलं. त्याआधी तिने कारखान्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. वर्गात नाव घालणारी पहिली तीच.

"काय शिकायचंय तुम्हाला?" बाईंनी तेव्हा विचारलं होतं. कुणाला सही हवी असते, कुणाला गावची पत्रं वाचायची असतात.

"बाकी काय नको बाई. ती पाटी वाचायची हाय मला. ज्या अक्षरांनी माझा मानूस नेला, ती दिसतात कशी, ते बघायचं हाय."

बाकीच्यांनी पाट्यांत डोकी घातली होती. पॉलिशवाला उत्तम तेवढा उठला आणि नळावर जाऊन हात धुऊ लागला. हात आधीच स्वच्छ होते.

तर माप. ते घेणं भाग होतं, कारण पहिल्या महिन्यात सगळे एकत्र बसवल्याने वर्ग निम्मा गळाला होता. ज्यांना वाचता यायचं ते 'अ' गिरवून कंटाळले. ज्यांना काहीच यायचं नाही ते शेजारच्याची पाटी बघून लाजले. तीन गट हवेत, हे बाईंना कळलं. कोण कुठल्या गटात, हे कसं ठरवायचं, ते कळायला वेळ लागला.

पहिल्या खेपेला त्यांनी वाचायला गणपतीची आरती लिहून दिली. ओळखीची आहे, भीती वाटणार नाही, असा हिशेब. मनोरमाने ती घडाघडा वाचली. कागद उलटा धरून.

बाई घरी जाऊन आधी पोटभर हसल्या, मग डोकं धरून बसल्या. पाठ असलेलं वाचायला देऊन कुणाला वाचता येतं ते कळत नसतं. मजकूर रोजच्या जगण्यातला हवा, पण कुणाच्या तोंडात आधीपासून बसलेला नको. मग त्यांनी पाच पायऱ्या केल्या. पहिलीला आपलं नाव ओळखायचं. दुसरीला कमळ, घर असे बिनमात्रांचे शब्द. तिसरीला काना-मात्रा. चौथीला दोन छोटी वाक्यं, एखाददुसरं जोडाक्षर. पाचवीला रेशन दुकानावरची लांब सूचना, आणि वाचून झाल्यावर, 'दुकान बंद कधी?' असा प्रश्न. नुसतं वाचून अर्थ लागला का ते बघायला. एकेकालाच बोलवायचं, म्हणजे लाज नाही आणि कुजबुज नाही. सोप्याकडून अवघडाकडे जायचं. लागोपाठ दोन पायऱ्या अडल्या की हसून थांबायचं, माणसाला आणखी खाली दाबायचं नाही.

"चौथीला आमची पाटीच घाला की," पंढरीनाथ म्हणाला. तो फाटकाशी पान खात उभा होता. "रोजच्या जगण्यातलीच आहे. नाहीतरी सोमवारी लवूच्या अपघाताच्या चौकशीचे साहेब येतायत. तुमचा निकालही दाखवू त्यांना."

"निकाल त्यांना कशाला?"

"असू दे. शिक्षणाचं काम चाललंय, कळलेलं बरं साहेबाला." तो हसला. पानाने दात लाल झाले होते.

सूचना वाईट नव्हती. रोज समोर असली तरी ती पाटी कुणी कधी मोठ्याने म्हटल्याचं कानावर नव्हतं, तेव्हा पाठ असायचा प्रश्न नव्हता. बाई उतरवून घ्यायला टाकीपाशी गेल्या. तेजाबाच्या वासाने घशात खाज सुटली. तिथली प्रत्येक वस्तू वाफेने खाल्लेली होती. दाराच्या बिजागऱ्या, पंख्याची जाळी, भिंतीतले खिळे, सगळ्यांचा गंजून भुगा झालेला. पाटीचे चार खिळे मात्र चकचकीत होते. बाईंनी ते पाहिलं. मजकूर उतरवला, आणि जरा घाईनेच बाहेर आल्या.

शनिवारी माप सुरू झालं. मनोरमा तिसरीवर अडली, चौथीही जमली नाही, थांबली. "बघा, टेप पुरली नाही," म्हणून गेली. तिचं बरोबर होतं, मधला गट. मग उत्तम आला. पहिली, दुसरी, तिसरी, पाण्यासारखी. चौथीचा कागद समोर आला आणि त्याने मान खाली घातली.

"नाही येत बाई."

"पहिला शब्द तरी?"

"नाही येत."

नियमाप्रमाणे एकच पायरी अडली होती, म्हणून बाईंनी पाचवी ठेवली. रेशन दुकानाची ती लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेली सूचना उत्तमने एका दमात वाचली. "दुकान सोमवारी बंद," असं उत्तरही दिलं.

पुढचा आला, त्याचंही तसंच. त्याच्या पुढच्याचंही. चौथीला डोळे खाली, पाचवी खणखणीत. जिना चढताना एकच पायरी सगळ्यांना दिसू नये, तसं.

पंढरीनाथ डोकावला. "चौथीत सगळे गार ना? बघा! मी सांगत होतो. लवू एकटा नव्हता, सगळेच अडाणी. पाटी लावून तरी शेठने काय करायचं? तुम्ही एवढं लिहून सही करून द्या बाई, की चौथी कुणाला आली नाही."

आपण केलेली फूटपट्टी कुणाच्या हातात जाऊन काठी होणार आहे, हे तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. पाटी होती, वाचता आली नाही, चूक मेलेल्याची. खाली सही कोणाची? तर शिकवणाऱ्या बाईंची. आणि गोदूबाई अक्षरं शिकून पुढे ती पाटी वाचणार, आणि नवऱ्याच्या अडाणीपणाला जन्मभर दोष देत बसणार.

"माझं माप जुळलेलं नाही अजून," बाई म्हणाल्या. "उद्या पुन्हा घेते."

"उद्या रविवार. वर्ग नसतो."

"मग मी रविवारी येते."

तो हसला नाही.

आपलीच चौथी पायरी चुकीची असेल, असं बाईंना वाटत होतं. खरं तर तसं वाटावं, असं वाटत होतं. रविवारी सकाळी नेहमीची कोळीण ऑड्रे उत्तनहून मासे घेऊन दारात आली. ती मराठी अडखळत वाचायची. बाईंनी बोंबिलांचे पैसे देता देता दोन्ही कागद पुढे केले. तिने बोट ठेवून चौथी वाचली, हळू, पण वाचली. पाचवीवर मान हलवली. "पयलं सोपं हाय. दुसरं न्हाय जमत." म्हणजे पायऱ्या जागच्या जागी होत्या.

बाईंनी नवी चौथी लिहिली. तितकेच शब्द, तशीच जोडाक्षरं, नुसती जागा बदललेली: 'विहिरीत एकट्याने उतरू नये. आधी दोर तपासून घ्यावा.'

कारखान्यात रविवारची पाळी होतीच. संध्याकाळी शेडमध्ये उत्तम समोर बसला. कोपऱ्यात गोदूबाई आपली पाळी यायची वाट बघत होती. एकेकालाच बोलवायचा नियम बाईंनी आज मोडला होता, आणि का मोडला, हे स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. पंढरीनाथ शेडच्या दाराची कडी हातात धरून उभा होता.

"हे वाच."

"विहिरीत एकट्याने उतरू नये. आधी दोर तपासून घ्यावा." न अडखळता.

बाईंनी त्या कागदावर कालचा कागद ठेवला. "आता हे."

ट्यूबलाइट गुणगुणत होती. उत्तमच्या ओठावर घाम आला.

"येत नाही म्हणाला ना काल?" पंढरीनाथ म्हणाला. "किती छळता गरिबाला? उत्तम, ऊठ. उद्या कामावर यायचंय ना?" शेवटचे शब्द त्याने हळू उच्चारले.

उत्तम अर्धवट उठला.

"बस," बाई म्हणाल्या. "उत्तम, अवघड असतं ते सगळ्यांना अवघड असतं. पाचवी येणाऱ्या माणसाला चौथी अडत नाही रे. तुम्हाला हे वाचता येतं. तुम्ही वाचत नाही आहात. का, ते मी विचारत नाही. मला एवढंच सांगावं लागेल साहेबांना, की वाचता येत नव्हतं की येत होतं. आणि माझ्या सहीने यांच्या नवऱ्यावर काहीतरी लिहिलं जाणार आहे."

गोदूबाई उठून जवळ आली. तिला अजून 'क' आणि 'फ' वेगळे ओळखता येत नव्हते. तिने कागदावरून बोट फिरवलं, जसं आंधळं माणूस चेहऱ्यावरून फिरवतं.

"हीच का ती? वाच ना रं भावा. मला येईस्तोवर लई दिस जातील. तू वाच. कोन जानं, लवूला कुनी वाचून दाखवली असती तर..."

उत्तमने कागद उचलला. वाचायला तोंड उघडलं, आणि कागद उलटा करून बाकावर ठेवला. दाराकडे न बघता तो गोदूबाईकडे वळला.

"कोण वाचून दाखवणार वहिनी? पाटी नव्हतीच तिथे. लवूला बाहेर काढल्यावर मी ठोकली ती, ह्या हातांनी."